एक अभ्यासक्रम, अनेक प्रश्नपत्रिका : बी. फार्मसीच्या विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांच्या तुलनेची एक समीक्षा

प्रस्तावना :

दोन विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांची तुलना करताना बहुधा पहिलीच अडचण अशी येते की, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे असतात. एका ठिकाणी जो घटक द्वितीय वर्षाला असतो तो दुसऱ्या ठिकाणी तृतीय वर्षाला असतो. एके ठिकाणी ज्यास आठ तास दिलेले असतात त्यास दुसरीकडे तीनच तास मिळतात. अशा स्थितीत प्रश्नांमधील फरक हा परीक्षकाचा की अभ्यासक्रमाचा, हे सांगता येत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी परीक्षेत मात्र ही अडचण जवळजवळ नाहीशी झालेली आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या बी. फार्मसी विनियमांनुसार तयार झालेला अभ्यासक्रम देशभरातील विद्यापीठांना लागू आहे. विषयांची नावे, त्यांचे सांकेतिक क्रमांक, घटकांची विभागणी आणि अध्यापनाचे तास हे सर्व त्यात ठरवून दिलेले आहे. इतकेच नव्हे, तर सत्रान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडाही त्यातच दिला आहे.

पुणे शहराच्या दृष्टीने हा विषय अधिक निकटचा आहे. येथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. एरंडवण्यातील पूना कॉलेज ऑफ फार्मसी भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचा घटक आहे. खाजगी विद्यापीठांचे औषधनिर्माणशास्त्र विभागही येथे आहेत. शिवाय लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठास २०१४ च्या कायद्यान्वये राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देता येते. अर्थात एकाच अभ्यासक्रमावर, एकाच ग्रंथालयात बसून अभ्यास करणारे विद्यार्थी वेगवेगळ्या मंडळांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका सोडवितात आणि पुढे त्यांच्या गुणपत्रिका एकाच टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या जातात. त्या गुणांचा अर्थ एकच आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी प्रथम सत्रातील ‘फार्मास्युटिक्स – १’ (बी. पी. १०३ टी) हा एकच विषय घेतला आहे.

आराखडा आणि त्यातील मोकळी जागा :

परिषदेने ठरविलेली ७५ गुणांची, तीन तासांची प्रश्नपत्रिका तीन भागांची आहे. पहिला भाग २० गुणांचा असून तो एक गुणाच्या २० बहुपर्यायी प्रश्नांचा किंवा दोन गुणांच्या १० वस्तुनिष्ठ प्रश्नांचा असतो. दुसऱ्या भागात दहा गुणांच्या तीन दीर्घोत्तरी प्रश्नांपैकी दोन सोडवावयाचे असतात. तिसऱ्या भागात पाच गुणांच्या नऊ लघूत्तरी प्रश्नांपैकी सात सोडवावयाचे असतात. म्हणजे २०, ३० आणि ४५ मिळून ९५ गुणांचे प्रश्न विचारले जातात व त्यांपैकी ७५ गुणांचे सोडविले जातात. उरलेले २५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असून त्यांसह ५० टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी उत्तीर्ण ठरतो.

आराखडा इतका बांधीव असल्यामुळे विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका वरवर पाहता जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. तथापि परीक्षकाच्या हाती तीन निर्णय शिल्लक राहतात. पहिल्या भागासाठी दोन प्रकारांपैकी कोणता स्वीकारावयाचा, कोणत्या घटकावरील प्रश्न कोणत्या भागात टाकावयाचा आणि प्रश्न कशा स्वरूपात विचारावयाचा, हे ते निर्णय होत. काठिण्यातील फरक बव्हंशी या तीन ठिकाणी निर्माण होतो. तुलना करणाऱ्यांचे लक्ष मात्र सहसा तिसऱ्यावरच आणि तेही प्रश्नातील क्रियापदावरच खिळलेले असते.

पहिल्या निर्णयाचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. चार पर्यायांच्या २० प्रश्नांत, ऋण गुण नसतील तर, काहीही न येणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ अंदाजाने सरासरी पाच गुण मिळतात. ज्यास वीसपैकी आठ प्रश्नांची उत्तरे खात्रीने येतात त्यास उरलेल्या बारा प्रश्नांतून आणखी तीन मिळून सरासरी अकरा गुण मिळतील. तोच विद्यार्थी दोन गुणांच्या लेखी वस्तुनिष्ठ प्रश्नांत आठ गुणांच्या आसपासच राहील. दोन्ही प्रकार नियमात बसणारे आहेत आणि दोन्हींची बेरीज २० च आहे. परंतु जे विद्यापीठ पहिला प्रकार नित्याने वापरते त्याच्या दुर्बल विद्यार्थ्यास दुसऱ्याच्या तुलनेत तीन ते पाच गुणांचा आधार मिळतो. उत्तीर्णतेच्या रेषेवर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

समतोल प्रश्नपत्रिकेचा विरोधाभास :

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. फार्मास्युटिक्स – १ मध्ये पाच घटक आहेत. पहिल्यात औषधनिर्माण व्यवसायाचा इतिहास, डोसेज फॉर्म, प्रिस्क्रिप्शन आणि पोसॉलॉजी म्हणजे औषधमात्रेचा विचार येतो. दुसऱ्यात औषधनिर्माणातील गणिते, पावडरी आणि द्रव औषधरूपांची ओळख आहे. तिसऱ्यात एकावस्थी द्रवरूपे तसेच सस्पेन्शन व इमल्शन, चौथ्यात सपोझिटरी व विसंगती आणि पाचव्यात मलमांसारखी अर्धघन रूपे आहेत. यांपैकी दुसऱ्या घटकातील गणिताचा भाग विद्यार्थ्यांना टाळावासा वाटतो, हे हा विषय शिकविणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकास ठाऊक आहे. तो टाळता येतो काय, हे प्रश्नपत्रिकेच्या रचनेवर अवलंबून असते.

स्पष्टीकरणासाठी ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन नमुना प्रश्नपत्रिका घेऊ. त्या कोणत्याही विद्यापीठाच्या नाहीत. परंतु दोन्ही आराखड्यात तंतोतंत बसतात. दोहोंत २० बहुपर्यायी प्रश्न असून प्रत्येक घटकावर चार आहेत. ‘अ’मध्ये पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या घटकांवर एकेक दीर्घोत्तरी प्रश्न आहे, लघूत्तरी प्रश्न पहिल्या चार घटकांवर दोन-दोन आणि पाचव्यावर एक असे आहेत. म्हणजे दुसऱ्या घटकास १०, १० आणि ४ मिळून २४ गुण आले. ‘ब’मध्ये दुसऱ्या घटकावर दीर्घोत्तरी प्रश्न नाही, मात्र लघूत्तरी प्रश्न चार आहेत. त्यामुळे येथेही २० आणि ४ मिळून २४ च गुण येतात. घटकनिहाय गुणांचा तक्ता पाहणाऱ्यास दुसऱ्या घटकाच्या बाबतीत दोन्ही प्रश्नपत्रिका समान वाटतील.

आता ज्याने दुसरा घटक मुळीच वाचलेला नाही, अशा विद्यार्थ्याचा विचार करावा. ‘अ’मध्ये तो दुसऱ्या घटकाचा दीर्घोत्तरी प्रश्न सोडतो, तीनपैकी दोनच सोडवावयाचे असल्याने त्याचे काहीही बिघडत नाही. दोन लघूत्तरी प्रश्न सोडतो. नऊपैकी सातच हवे असल्याने तेथेही नुकसान नाही. केवळ चार बहुपर्यायी प्रश्न त्यास अडतात. म्हणजे ज्या घटकावर २४ गुणांचे प्रश्न विचारले गेले तो संपूर्ण वगळण्याची किंमत ७५ पैकी चार गुण, आणि अंदाज साधला तर त्याहूनही कमी. ‘ब’मध्ये मात्र चार लघूत्तरी प्रश्न सुटल्यावर पाचच हाती राहतात. दोन प्रश्नांचे दहा गुण आणि बहुपर्यायी चार असे चौदा गुण जातात. घटकाचा भार तोच, पण वगळण्याची किंमत साडेतीन पट झाली.

या आकड्यास ‘वगळ-किंमत’ असे नाव देता येईल. घटकनिहाय गुणभार हा परीक्षकाने काय विचारले हे सांगतो. वगळ-किंमत ही विद्यार्थ्यास काय शिकणे भाग पडले हे सांगते. तुलनेसाठी दुसरी संख्या अधिक उपयोगी आहे आणि ती काढण्यासाठी प्रश्नपत्रिका व अभ्यासक्रम यांखेरीज कशाचीही गरज नाही.

येथे एक विरोधाभास समोर येतो. नऊ लघूत्तरी प्रश्न पाच घटकांवर जितके समान वाटावे तितके प्रत्येक घटकावर दोनहून अधिक येत नाहीत. आणि दोन प्रश्न तर वगळण्याची मुभाच आहे. म्हणून जी प्रश्नपत्रिका ‘सर्व घटकांना समान न्याय देणारी’ म्हणून समीक्षकांच्या पसंतीस उतरते तीच कोणताही एक घटक चार गुणांत सोडून देण्याची सोय करून ठेवते. ‘अ’मध्ये पहिला आणि दुसरा असे दोन्ही घटक वगळले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. तीनपैकी एकच दीर्घोत्तरी प्रश्न उरतो, म्हणून दहा गुण जातात. चार लघूत्तरी प्रश्न सुटतात, म्हणून आणखी दहा जातात. बहुपर्यायी आठ जातात. एकूण २८ गुण गेले तरी ४७ गुणांची वाट मोकळी राहते. पाचपैकी दोन घटक न वाचताही उत्तीर्ण होणे अशक्य राहत नाही.

‘ब’ प्रश्नपत्रिका आदर्श आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिने दुसऱ्या घटकाची नाकेबंदी केली. परंतु लघूत्तरी प्रश्न त्याच घटकात एकवटल्याने इतर प्रत्येक घटक चार गुणांत सुटण्याजोगा राहिला. आराखड्याच्या मर्यादेतच अधिक चांगला मार्ग उपलब्ध आहे. गणिताचा चार गुणांचा उपप्रश्न तिन्ही दीर्घोत्तरी प्रश्नांना जोडला, तर विद्यार्थ्याने कोणतेही दोन निवडले तरी गणित त्याच्या वाट्याला येतेच. तेथे विचारलेले गुण बारा असतात आणि वगळ-किंमत आठ असते. पोसॉलॉजीच्या प्रश्नात बालकाच्या मात्रेचे गणित किंवा द्रव औषधरूपाच्या प्रश्नात टक्केवारीचे द्रावण सहज बसते. त्यासाठी विषयाची ओढाताण करावी लागत नाही.

अर्थात विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिका आधी दिसत नसते. ‘अ’ पद्धतीची रचना एकदाच आली असेल तर घटक वगळणे हा जुगार ठरतो. परंतु तीच रचना सत्रामागून सत्र येत राहिली तर तिचा अंदाज बांधता येतो व जुगार हिशेबात बदलतो. म्हणून तुलना एकेका प्रश्नपत्रिकेची न करता, दोन्ही विद्यापीठांच्या सलग किमान चार-पाच परीक्षांची करावी लागते. २०२० व २०२१ मधील साथीच्या काळात ज्या परीक्षा केवळ बहुपर्यायी स्वरूपात ऑनलाइन झाल्या त्या अशा तुलनेतून वगळणे आवश्यक आहे. कारण त्यांचा आराखडाच वेगळा होता.

क्रियापद आणि काठिण्य :

आता तिसरा निर्णय, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप. ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणाचा आधार घेऊन प्रश्नांतील क्रियापदे मोजण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ‘व्याख्या द्या’ म्हणजे स्मरण, ‘स्पष्ट करा’ म्हणजे आकलन, ‘काढा’ म्हणजे उपयोजन अशी नोंद केली जाते आणि ज्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत वरच्या पायऱ्यांची क्रियापदे अधिक, तिला अधिक दर्जेदार ठरविले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे.

अ‍ॅलिगेशन या पद्धतीचेच उदाहरण घेऊ. वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे कोणत्या प्रमाणात मिसळावीत हे या पद्धतीने ठरविता येते. पहिला प्रश्न असा : ‘अ‍ॅलिगेशनची पद्धत सोदाहरण स्पष्ट करा.’ दुसरा असा : ‘९० टक्के व ४० टक्के अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचे ६०० मि.लि. अल्कोहोल कसे तयार कराल?’ येथे ७० मधून ४० वजा केल्यास ३० आणि ९० मधून ७० वजा केल्यास २० उरतात. म्हणजे ३ : २ हे प्रमाण, अर्थात पहिले ३६० मि.लि. आणि दुसरे २४० मि.लि. वर्गीकरणानुसार पहिला प्रश्न आकलनाचा आणि दुसरा उपयोजनाचा. प्रत्यक्षात पहिला प्रश्न विद्यार्थी पुस्तकातील उदाहरण उतरवून सोडवितो, तर दुसरा पद्धत कळली असेल तर दोन ओळींत सुटतो. कोणता कठीण, हे क्रियापद सांगत नाही.

तिसरा प्रश्न असा : ‘९०, ६० व ३० टक्के अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणातून ५० टक्के अल्कोहोल मिळविण्याचे प्रमाण काढा.’ ९० ची जोडी पाण्याशी आणि ६० ची ३० शी लावली तर ९०, ६०, ३० व पाणी यांचे भाग अनुक्रमे ५०, २०, १० आणि ४० येतात. ९० ची जोडी ३० शी आणि ६० ची पाण्याशी लावली तर ते अनुक्रमे २०, ५०, ४० आणि १० असे येतात. दोन्ही मिश्रणे १२० भागांची असून दोहोंची तीव्रता बरोबर ५० टक्के आहे. म्हणजे दोन्ही उत्तरे बिनचूक आहेत. जर एखाद्या विद्यापीठाच्या आदर्श उत्तरात यांपैकी एकच जोडी दिलेली असेल आणि परीक्षक ती शब्दशः पाळत असेल, तर प्रश्न कठीण नसूनही गुण कमी मिळतील. अशी घसरण प्रश्नपत्रिका वाचून लक्षात येत नाही. त्यासाठी आदर्श उत्तरांचीही तुलना करावी लागते.

याहून मोठी अडचण पुनरावृत्तीची आहे. वरील तिसराच प्रश्न त्याच आकड्यांसह वरचेवर येऊ लागला, तर तो उपयोजनाचा राहत नाही. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत मागील प्रश्नपत्रिकांचे संच उत्तरांसह मिळतात आणि ५०, २०, १०, ४० ही चार पदे पाढ्यासारखी पाठ होतात. याउलट ‘इमल्शन म्हणजे काय?’ हा साधा प्रश्नदेखील ‘पुढील सूत्रातील इमल्शन ठेवल्यानंतर त्याचे दोन थर कायमचे वेगळे झाले, हे क्रीमिंग की क्रॅकिंग, कारणासह लिहा’ अशा रूपात प्रथमच आला, तर वर्गात न बसलेल्याची भंबेरी उडते. म्हणून काठिण्य हा एकट्या प्रश्नाचा गुणधर्म नसून प्रश्न आणि त्या विद्यापीठाच्या मागील प्रश्नपत्रिका यांच्यातील नात्याचा आहे. ९५ पैकी किती गुणांचे प्रश्न मागील पाच परीक्षांत त्याच शब्दांत वा त्याच आकड्यांनी आलेले नाहीत, ही संख्या क्रियापदांच्या मोजणीपेक्षा अधिक काही सांगून जाते.

निकालाच्या आधारे तुलना का फसते :

या सर्व खटाटोपाऐवजी दोन विद्यापीठांचे निकाल ताडून पाहावेत, असे सुचविले जाते. उत्तीर्णांची टक्केवारी जिथे कमी तिथे प्रश्नपत्रिका कठीण, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु निकालात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी, तपासणीतील सढळपणा, अंतर्गत २५ गुणांचे वाटप आणि प्रश्नपत्रिका अशा चार गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांतून एकच वेगळी काढण्याचे साधन केवळ टक्केवारीत नाही.

प्रश्ननिहाय गुण उपलब्ध असतील, तर सुलभता निर्देशांक, म्हणजे मिळालेल्या सरासरी गुणांचे कमाल गुणांशी असलेले गुणोत्तर काढता येते. पण पर्यायी प्रश्नांत तोही दिशाभूल करतो. समजा, शंभरपैकी चाळीस विद्यार्थ्यांनी गणिताचा दीर्घोत्तरी प्रश्न निवडला आणि त्यांना दहापैकी सरासरी सात गुण मिळाले. निर्देशांक ०.७ येतो व प्रश्न सोपा दिसतो. वस्तुतः ज्या साठ जणांनी त्यास हात लावला नाही त्यांचा त्यात हिशेबच नाही. अशा वेळी निर्देशांकाच्या शेजारी प्रश्न निवडणाऱ्यांचे प्रमाण लिहिले तरच त्यास अर्थ येतो. सर्वांना अनिवार्य असणाऱ्या पहिल्या भागापुरता मात्र हा निर्देशांक विश्वसनीय मानता येईल.

निष्कर्ष :

परिषदेच्या श्रेणीपद्धतीत ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच्या गुणांना ‘ब’ समतुल्य श्रेणी व आठ श्रेणीगुण मिळतात. ६० ते ७० च्या दरम्यान सात. चार घटक चांगले वाचून पाचवा वगळलेला विद्यार्थी एका विद्यापीठात चार गुण गमावतो आणि दुसऱ्यात चौदा. हा दहा गुणांचा फरक त्यास एक श्रेणी खाली नेण्यास पुरेसा आहे. त्यामुळे समान अभ्यासक्रम आणि समान आराखडा एवढ्यावरून गुणपत्रिका समतुल्य मानणे योग्य नाही.

त्याचप्रमाणे वगळ-किंमत जास्त असलेली प्रश्नपत्रिका उत्तम आणि कमी असलेली निकृष्ट, असाही निवाडा या तुलनेतून देता येत नाही. ती किती भाग शिकणे अटळ करते, इतकेच ही संख्या सांगते; जे शिकविले ते किती खोलवर रुजले, हे सांगत नाही. त्यासाठी नवीन प्रश्नांचे प्रमाण आणि आदर्श उत्तरे यांची जोड लागते. घटकांच्या नोंदीतही मतभेद संभवतात. द्रव औषधरूपांचा प्रश्न दुसऱ्या घटकातला की तिसऱ्या, यावर दोन प्राध्यापकांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून प्रश्नपत्रिकांवरील विद्यापीठाचे नाव झाकून दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करावी आणि जिथे ती जुळत नाही ते प्रश्न बाजूला काढून मगच हिशेब मांडावा. दोन नोंदी वारंवार जुळत नसतील, तर दोष बहुधा प्रश्नांच्या मोघम शब्दरचनेत असतो, आणि तोही तुलनेचा एक निष्कर्षच होय.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने घटकनिहाय गुणभाराचा तक्ता भरून देण्याची प्रथा परिचित आहे. त्या तक्त्यात वगळ-किंमतीचा एक रकाना वाढविला, तर प्रश्नपत्रिका छापली जाण्यापूर्वीच तिच्यातील पळवाट दिसू शकेल. त्यासाठी अभ्यासक्रमात वा आराखड्यात कोणताही बदल करावा लागत नाही. कोणता प्रश्न कोणत्या भागात ठेवावयाचा, हा निर्णय आजही परीक्षकाच्याच हाती आहे. त्या निर्णयाची किंमत मात्र कोणी मोजलेली नसते.